प्रतिध्वनी की निनाद? सभागृहाच्या आकाराला विचारा

प्रतिध्वनी आणि निनाद यांत मुलं हमखास गोंधळतात. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल पाहा, म्हणजे फरक लक्षात येईल.

१८७१ साली सुरू झालेलं हे सभागृह लंबगोल आहे आणि वर भला मोठा घुमट. समजा, रंगमंचापासून घुमट ३४ मीटर उंच आहे. आवाजाला वर जाऊन परत यायला ६८ मीटर अंतर पडतं. सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने त्याला ०.२ सेकंद लागतात. ०.१ सेकंदापेक्षा उशिरा आलेला आवाज कानाला वेगळा कळतो, हाच प्रतिध्वनी. त्यातून घुमट आतून वाटीसारखा, म्हणून अंतर्वक्र आरशासारखा तो आवाज ठरावीक जागी गोळा करतो. तिथल्या श्रोत्याला एकच सूर दोनदा! शेवटी १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या, तेव्हा आवाज विखुरला. लोक त्यांना गमतीने 'मशरूम' म्हणतात.

आता बोस्टनचा सिंफनी हॉल (१९००) घ्या. बुटाच्या खोक्यासारखा लांबट, रुंदी जेमतेम २३ मीटर. वादकांपासून २० मीटरवर मधोमध बसलात, तर बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा फक्त १०-११ मीटर जास्त फिरतो. उशीर ०.०३ सेकंद! कान तो वेगळा धरतच नाही. सूर भरदार लागतो. पुढची परावर्तनं विरत जातात, तो निनाद. भरल्या सभागृहात तो साधारण १.९ सेकंद टिकतो. व्हायोलिनच्या लांब सुरांना हे छान, पण भाषणाला जास्तच. शब्द एकमेकांत मिसळतात.

आणि हो, माणसांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहातली तालीम जास्त घुमते.