अठरा तासांचा अभ्यास, झोप आणि सर्दी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम आपल्याकडे ठिकठिकाणी होतो. एका दिवसाचे अभिवादन म्हणून तो आम्हांला प्रिय आहे. परंतु काही विद्यार्थी तोच वर्षभराचा नियम मानतात, रात्री बारापर्यंत जागतात व पहाटे पाचला उठतात. पुढे पावसाळ्यात त्यांना वरचेवर सर्दी होते आणि दोष कोकणच्या ओलीला दिला जातो.

सर्दी विषाणूमुळे होते. पण विषाणू नाकात शिरलेल्या प्रत्येकाला ती होतेच असे नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६४ निरोगी प्रौढांची झोप आठवडाभर मनगटावरील यंत्राने मोजली. मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून त्यांना वेगळे ठेवले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. पुरेशी झोपलेल्यांपैकीही काहींना सर्दी झालीच. झोप म्हणजे कवच नव्हे. शिवाय हे आकडे प्रौढांचे आहेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना तर आठ ते दहा तास झोप लागते.

असे का होते? शरीर विषाणूविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार करते, त्या कामाला अपुऱ्या झोपेने उशीर होतो. काही तरुणांना अनेक रात्री केवळ चार तास झोपू देऊन फ्ल्यूची लस टोचली, तेव्हा दहाव्या दिवशी त्यांच्यातील प्रतिपिंडे नेहमीप्रमाणे झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. पुढे काही आठवड्यांत हा फरक मिटला. म्हणजे शरीराने काम केले, पण उशिरा. आणि आजारात हा उशीरच महागात पडतो. तापात येणारी गुंगीही शरीरच आणते, तिला चहाने परतवू नये.

येथे बाबासाहेबांचे उदाहरण नीट वाचावे. परळच्या चाळीतील एका खोलीत, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, आपल्याच जिल्ह्यातील आंबडव्याचे रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. दोन वाजता पेटणाऱ्या त्या दिव्याआधी झोप होती, आणि तिच्यावर जागता पहारा होता. आपण दिवा तेवढा लक्षात ठेवला.

दहावीतील मुलाचा हिशेब मांडू. बारा ते पाच म्हणजे पाच तास. किमान गरजेहून तीन कमी, आठवड्याला एकवीस. रविवारी दहापर्यंत झोपूनही ही तूट भरत नाही. तो पहिल्या तासाला पेंगतो, सुट्टीत उठता उठत नाही, ही तिची खूण. पाचलाच उठायचे असेल, तर दिवा नऊला मालवावा लागेल. सर्दी झालेल्याला पहाटेच्या अभ्यासातून मोकळे करावे. ती साधारणतः सात ते दहा दिवसांत ओसरते. त्याहून लांबली, ताप चढला अथवा धाप लागली, तर मात्र झोपेवर न सोडता डॉक्टरांकडे न्यावे.