नोंदणी झालेली नाही आणि नोंदणी नाकारली : दोन वेगळ्या उत्तरांचा अर्थ

मोबाइलच्या पडद्यावर सिग्नलच्या काड्या दिसतात म्हणजे फोन कंपनीच्या जाळ्यात सामील झाला आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक काड्या एवढेच सांगतात की जवळच्या टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो. सामील होण्यासाठी फोनला त्या टॉवरमार्फत सिमचा क्रमांक कंपनीकडे पाठवावा लागतो, कंपनीचा मध्यवर्ती संगणक ते सिम आपल्या ग्राहकयादीत आहे काय आणि खरे आहे काय हे तपासतो, आणि मगच होकार येतो. या देवाणघेवाणीला नोंदणी म्हणतात. ती पूर्ण झाली नाही तर `Not registered on network` हा संदेश दिसतो; पण ती पूर्ण न होण्याची दोन कारणे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. एकात फोनला उत्तर देणारे कोणी भेटतच नाही, तर दुसऱ्यात उत्तर मिळते आणि ते नकाराचे असते. `Registration denied` हा संदेश केवळ दुसऱ्या स्थितीचा आहे. फोन बहुधा दोन्ही प्रसंगी पहिलेच वाक्य दाखवतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली होणारा बराचसा खर्च या एका गफलतीतून उद्भवतो.

हा भेद उरणमध्ये एका ट्रेलरने शिकवला. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरवर त्यांचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवलेले असते आणि त्यात फोनसारखेच सिम असते. प्रस्तुत लेखकाने जुन्या मालकाकडून विकत घेतलेल्या ट्रेलरचे यंत्र एके दिवशी गप्प झाले, तेव्हा कारागिराने प्रथम अँटेना बदलला, तो निष्फळ ठरल्यावर दुसरा बसवला, आणि शेवटी संपूर्ण यंत्रच नवे घ्यावे असा सल्ला दिला. त्यापूर्वी यंत्राला लॅपटॉप जोडून त्याच्या मोडेमला, म्हणजे जाळ्याशी बोलणाऱ्या भागाला, एक प्रश्न विचारला असता तर दोन्ही अँटेनांचे पैसे वाचले असते:

```
AT+CREG?
+CREG: 0,3
```

या उत्तरातील शेवटचा अंक महत्त्वाचा असतो. 1 म्हणजे स्वतःच्या जाळ्यात नोंद झाली, 5 म्हणजे रोमिंगमध्ये झाली, 2 म्हणजे शोध चालू आहे, 0 म्हणजे नोंद नाही आणि शोधही चालू नाही, आणि 3 म्हणजे नोंदणी नाकारली. नकार टॉवरकडून हवेतूनच येतो. तो यंत्रापर्यंत पोहोचला याचाच अर्थ अँटेना, तार आणि टॉवर तिन्ही ठीक होते. 2 वर अडकलेल्या यंत्राचा अँटेना तपासणे योग्य, 3 दाखवणाऱ्या यंत्राचा तपासणे व्यर्थ.

प्रत्यक्षात ते सिम यंत्र पुरवणाऱ्याच्या नावावर होते आणि जुन्या मालकाने भरलेली वार्षिक वर्गणी संपल्यामुळे ते कंपनीच्या ग्राहकयादीतून निघाले होते. वर्गणी भरून सिम पुन्हा चालू झाले, तरीही यंत्र दिवसभर 3 हाच अंक देत राहिले, आणि येथेच या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त गोष्ट आहे. सिम अनोळखी किंवा अवैध असल्याचा नकार एकदा मिळाला की उपकरण ते सिम बाद समजते आणि पूर्ण बंद केले जाईपर्यंत अथवा सिम काढून घातले जाईपर्यंत सर्वसाधारणपणे पुन्हा विचारणाच करीत नाही. ट्रेलरची बॅटरी सोडवून पुन्हा जोडण्यात आली होती. परंतु अशा यंत्रात स्वतःची लहान बॅटरी असल्याने ते क्षणभरही बंद पडले नव्हते. सिम काढून पुन्हा बसवताच यंत्र काही मिनिटांत बोलू लागले.

फोनच्या बाबतीतही उपायांचा क्रम याच तर्काने लावावा, म्हणजे प्रत्येक उपाय नेमके काय पुसतो हे पाहून. आरंभी त्याच कंपनीचा दुसरा फोन त्याच जागी चालतो काय ते पाहावे. तोही बंद असेल तर दोष टॉवरचा असून थांबण्यावाचून उपाय नाही. तो चालत असेल तर आपला फोन पूर्ण बंद करून, सिम काढून, पुसून पुन्हा घालावे, ज्यामुळे फोनने स्मरणात ठेवलेला नकार नाहीसा होतो. त्याने भागले नाही तर सेटिंगमधील जाळे निवडण्याच्या पर्यायात जाऊन आपल्या कंपनीचे नाव एकदा हाताने निवडावे आणि नोंद झाल्यावर निवड पुन्हा स्वयंचलित करावी. याचे कारण असे की ज्या जाळ्याने प्रवेशच नाकारला त्याचे नाव सिमवरील निषिद्ध जाळ्यांच्या यादीत लिहिले जाते, फोन बंद केला तरी ते टिकते, आणि हाताने निवडून नोंदणी यशस्वी झाली की ते पुसले जाते.

यानंतरची पायरी अदलाबदलीची आहे. आपले सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये आणि त्याचे सिम आपल्या फोनमध्ये घालावे. नकार सिमबरोबर गेला तर फोन निर्दोष आहे. तेव्हा ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत जावे. पडद्यावर `SIM not provisioned MM#2` असे दिसत असेल तर कंपनीची यादी ते सिम ओळखत नाही, हे निदान तेथेच झालेले असते. नकार फोनपाशीच राहिला आणि विशेषतः `Phone not allowed MM#6` असे दिसले, तर फोनचा पंधरा आकडी ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, रोखला गेला असण्याची शक्यता असते. तो `*#06#` दाबून पाहावा आणि `KYM` लिहून, जागा सोडून, तो क्रमांक 14422 वर संदेशाने पाठवावा. फोन चोरीचा म्हणून रोखलेला असल्यास उत्तरात कळते. जुना फोन विकत घेण्यापूर्वीच ही चौकशी केलेली बरी. हा क्रमांक बदलून देणाऱ्या दुकानदाराच्या नादी मात्र मुळीच लागू नये, कारण दूरसंचार अधिनियम 2023 नुसार तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे.

फोन मूळ स्थितीला आणण्याचा, म्हणजे फॅक्टरी रीसेटचा, उपाय सर्रास सुचवला जातो. नकाराच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. ग्राहकयादी कंपनीकडे असते आणि निषिद्ध जाळ्यांची यादी सिमवर असते. रीसेट यांपैकी कशालाही हात लावत नाही, घरच्यांची छायाचित्रे मात्र पुसून टाकतो.

एका प्रसंगी हा सारा क्रम बाजूला ठेवावा. चालू असलेले सिम कोणतेही कारण नसताना अचानक नोंदणी गमावून बसले आणि त्याच कंपनीचे शेजारचे फोन चालू असतील, तर कोणीतरी त्याच नंबरचे दुसरे सिम काढून घेतले असण्याचा धोका असतो, कारण नवे सिम चालू होताच जुने नाकारले जाते. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला खाते थांबवण्यास सांगावे, मग मोबाइल कंपनीला कळवावे, आणि पैसे गेले असल्यास 1930 वर तक्रार नोंदवावी.

उरणमध्ये जुना ट्रेलर घेणाऱ्यांनी कागदपत्रांबरोबर आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी : ठावठिकाण्याच्या यंत्रातील सिमचा क्रमांक, ते कोणाच्या नावावर आहे आणि त्याची वर्गणी कोणत्या तारखेला संपते.