वय नव्हे, कारण पाहावे

बैहर तहसिलीतील शाळेत सहा वर्षांच्या मुलीपुढे दोन सारख्या वाट्यांत सारखेच कोदो ठेवले, असे समजा. एका वाटीतील धान्य उंच, अरुंद पेल्यात ओतताच ‘यात जास्त’ असे ती म्हणते. ही बौद्धिक विकासाची कोणती अवस्था, असे परीक्षेत विचारतात. झाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार ही पूर्वक्रियात्मक अवस्था, साधारणतः २ ते ७ वर्षांची. परंतु केवळ वयावरून उत्तर देऊ नये. ती उंची पाहते, रुंदी पाहत नाही, हे कारण लिहावे. ‘काही घातले नाही, काढले नाही, म्हणून सारखेच’ असे सांगणारे सहा वर्षांचे मूल मूर्त क्रियात्मक अवस्थेकडे वळले आहे. प्रत्यक्ष पडताळताना मात्र सावध असावे. ओतण्यापूर्वी व नंतर तोच प्रश्न विचारल्यास पहिले उत्तर चुकले असे समजून मूल ते बदलू शकते; १९७४ मधील एका प्रयोगात प्रश्न मांडणी बदलल्यानंतर एकदाच विचारला असता चुका कमी झाल्या. गोंडीभाषक मुलास तो गोंडीतच विचारावा, अन्यथा भाषेची अडचण बुद्धीची गणली जाते.