थट्टेची मर्यादा

वाढदिवसाचे विनोदी पत्र कसे लिहावे, हे मी एका खोडलेल्या ओळीवरून शिकलो. फणसवाडीतला माझा मित्र अकरावीपासून सोबतीला आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिले, "वय वाढले, विषय मात्र तोच राहिला!" तो अर्थशास्त्रात नापास झाला होता. पत्र घरी सर्वांसमोर वाचले जाणार. तिथे ही थट्टा डागणी ठरली असती.

अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये (१९२५) कवितेच्या लकबींची टर उडविली. थट्टेचे खरे लक्ष्य लकबच. "आलोच, पाच मिनिटांत" ही मित्राची लकब तो स्वतःच हसत सांगतो. म्हणून लिहिले :

"तुझी पाच मिनिटे संपेपर्यंत चर्नी रोडहून तीन गाड्या सुटतात, आणि हा वेडा तिथेच उभा असतो. आजही उभा आहे. शंभर वर्षे जग, पण एकदा तरी वेळेवर ये!"

यात हसे माझेही होते, आणि शेवटी माया उघडपणे येते. पत्र त्याने स्वतःच आईला वाचून दाखविले, तर थट्टा साधली. तो गप्प झाला, तर "गंमत केली रे" म्हणू नये. सरळ क्षमा मागावी.