पाहुण्यांचं वायफाय आतल्या राउटरवर नको

सांगलीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या मावसभावाच्या जुन्या हार्डडिस्क ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेल्या. नंतर घेतलेला नॅस त्याने वरच्या मजल्यावर ठेवला. त्यातल्या लग्नांच्या फोटोंची एक प्रत रोज रात्री साताऱ्याला माझ्याकडे येते. पाण्याचा बंदोबस्त झाला. पण स्टुडिओत अल्बम निवडायला येणारी मंडळी वायफायचा पासवर्ड मागतात, शिवाय कॅमेरे आणि स्मार्ट टीव्हीही त्याच जाळ्यावर होते.

जोडणी करणाऱ्याने उपाय म्हणून जुन्या राउटरला दुसरा राउटर लावला आणि पाहुणे, कॅमेरे, टीव्ही त्यावर टाकले. मी माझा फोन त्या पाहुण्यांच्या वायफायला जोडला आणि ब्राउझरमध्ये नॅसचा पत्ता 192.168.1.20 टाकला. लॉगिनचं पान लगेच उघडलं.

कारण असं. दुसऱ्या राउटरचे स्वतःचे पत्ते 192.168.2 ने सुरू होणारे. त्यापलीकडचं सगळं त्याच्या लेखी ‘बाहेर’, आणि त्या बाहेरच्या वाटेवर पहिलं लागतं ते पहिल्या राउटरचं जाळं, म्हणजे नॅस. राउटर बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला नाही. वाईट भाग पुढेच आहे: नॅसच्या नोंदीत पाहुण्याचा फोन दिसत नाही, फक्त दुसऱ्या राउटरचा पत्ता दिसतो. त्यामुळे चुकीचे पासवर्ड कोण मारतंय ते कळत नाही.

आम्ही जागा उलट केल्या. पाहुणे, कॅमेरे, टीव्ही पहिल्या राउटरवर. नॅस आणि कामाचे संगणक दुसऱ्यावर, नॅसचा नवा पत्ता 192.168.2.20. नॅसची वायर दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टमध्येच हवी आणि तो राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये नको, नाहीतर दोन्ही जाळी पुन्हा एक होतात. दोन्ही राउटरचे पत्ते सारखे असतील तर एकाचे बदलावे लागतात. साताऱ्याची प्रत नॅस स्वतःहून बाहेर पाठवतो, म्हणून ती थांबली नाही. यूपीएनपी बंद ठेवा, पोर्ट उघडू नका: जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या त्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसमधल्याच.

मग लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायला जोडून विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे चालवा. ४४५ हा फायली शेअर करण्याचा पोर्ट.

```
Test-NetConnection 192.168.2.20 -Port 445
```

`TcpTestSucceeded : False` यायला हवं. तोच लॅपटॉप आतल्या वायफायवर नेल्यावर `True` यायला हवं. दोन्हीकडे `False` आलं तर नॅसच बंद असेल किंवा पत्ता चुकला असेल, त्या चाचणीवर विसंबू नका.

या रचनेत टीव्हीला नॅसवरचे व्हिडिओ दिसत नाहीत. भावाने ग्राहकांना दाखवायचे निवडक व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावले. कामाच्या संगणकातच व्हायरस शिरला तर मात्र ही भिंत उपयोगाची नाही. तिथे साताऱ्याची प्रत कामाला येते, तीही जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी असेल तरच.