मेंदी ठरवण्याआधी बांगड्या घालून बघा

नवरीच्या मेंदीसाठी नक्षी निवडायला बसलं की फोनवर जे फोटो पुढे येतात, ते बहुतेक हातावर मेंदी असतानाचे असतात. कोनातून निघालेली रेघ कातडीपासून थोडी उठलेली असते, गर्द असते आणि तिच्या कडेला बारीक सावली पडते. म्हणून दाट जाळी आणि कोयरीच्या पोटातली भरणी फोटोत सुटी सुटी दिसते. मेंदी खरवडून काढली की तो उठाव जातो. उरतो तो सपाट, एकाच रंगाचा डाग. आधी नारिंगी, मग एक-दोन दिवसांत गडद होत जाणारा. लग्नाच्या दिवशी लोक बघतात तो हा डाग. तेव्हा नक्षी पारखायची ती याच डागाच्या हिशोबाने.

आमचं घर काचीगुड्याचं. हैदराबादेतल्या मराठी घरांत लग्नाची मेंदी सरळसोट एका पद्धतीची राहत नाही. शेजारच्या तेलुगू घरांतली गोरिंटाकू लहानपणापासून पाहिलेली असते, जुन्या शहरातल्या मेंदीवाल्या मोठ्या फुलापानांच्या अरबी वेली काढतात, आणि हल्ली लग्नासाठी सगळ्यांना हवी असते ती राजस्थानी वळणाची, कोपरापर्यंत भरगच्च. माझ्या थोरल्या भाचीसाठी घरातल्यांनी मिळून हीच निवडली होती. मनगटावर नवरा-नवरीचे चेहरे, तळव्यावर बारीक जाळी, बोटांवर एकेक नाजूक वेल. मेंदी हातावर होती तोवर प्रत्येकाने कौतुक केलं. लग्नाच्या दिवशी मात्र तळवा लालभडक आणि एकसंध दिसत होता, बोटं उघडी वाटत होती, आणि ज्या चेहऱ्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला होता ते हिरव्या चुड्याखाली गेले होते. रंग उत्तम चढला होता. बिघाड मांडणीत होता, आणि तो तीन जागी होता. तिन्ही गोष्टी मेंदी लावण्याआधी ओळखता येतात.

पहिली गोष्ट दाटपणाची. तळव्याची आणि बोटांच्या टोकांची कातडी जाड असते, तिथे मेंदी सगळ्यात गडद चढते. मनगटापासून वर जावं तसा रंग फिका होत जातो. म्हणजे एकच जाळी तळव्यावर आणि दंडाकडे काढली तरी ती दोन्हीकडे सारखी दिसणार नाही. तळव्यावर ती जास्त दाट वाटेल. त्यात रेघ थोडी पसरते. मेंदी पातळ झालेली असेल, किंवा सुकताना लिंबू-साखरेचं पाणी कापसाने जरा जास्तच टिपलं गेलं, तर आणखी पसरते. भाचीच्या तळव्यावर रेघ साधारण एक मिलिमीटरची होती आणि दोन रेघांतली जागाही तेवढीच किंवा कमी. दोन्ही बाजूंनी रंग थोडा थोडा सरकला आणि मधली कातडी बुजली.

तळव्यासाठी मी आता एकच नियम सांगते: मोकळी जागा रेघेपेक्षा कमी नको, दीडपट असली तर उत्तम. हे डोळ्यांनी ठरवताना फसायला होतं, म्हणून एका जाड कागदाला दोन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि ती नमुन्याच्या फोटोवर किंवा कागदावर काढून घेतलेल्या नक्षीवर सरकवा. फोटो मात्र हाताच्या खऱ्या मापाएवढा मोठा करून घ्या. छोट्या पडद्यावर सगळ्याच नक्ष्या नाजूक दिसतात. खिडकीतून तळव्यावर निम्मी तरी कातडी दिसली पाहिजे. नंतर फोटो हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. त्या नजरेला मोर मोर दिसला आणि कमळ कमळ दिसलं, तर दाटपणा बरोबर आहे. नुसता गडद ठोकळा दिसला, तर लग्नात पाहुण्यांनाही तोच दिसेल. भरगच्च नक्षी हवीच असेल तर भरणी मनगटाच्या वर नेता येते. तिथला फिका रंग तो दाटपणा पेलतो.

दुसरी गोष्ट बोटं आणि तळवा यांच्या तोलाची. इथे गोरिंटाकूची जुनी मांडणी बघण्यासारखी आहे. आषाढात वाटलेला पाला लावतात तेव्हा तळव्याच्या मधोमध एक भरीव गोल, भोवती छोटे ठिपके, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला भरीव टोपी. मधला सगळा हात मोकळा. तरीही तो हात कुठेच अपुरा वाटत नाही, कारण तळव्यावर जेवढं वजन आहे त्याला उत्तर देणारं वजन बोटांच्या टोकांवर आहे. भाचीच्या हातावर नेमकं हेच सुटलं होतं. तळवा गच्च, बोटांवर एकेक बारीक वेल, आणि टोकं कोरी. त्यामुळे नजर तळव्यावरच अडकायची.

बोट पारखताना पेरं मोजा. टोकाचं पेर भरीव किंवा जवळजवळ भरीव, मधलं मोकळ्या नक्षीचं, आणि मुळाकडचं पेर तळव्याच्या नक्षीशी जोडलेलं, अशी चढउतार बहुतेक हातांवर शोभते. बोटं आखूड असतील तर आडव्या पट्ट्या कमी करा, कारण प्रत्येक पट्टी बोट आणखी आखूड दाखवते. त्याऐवजी उभी वेल टोकापर्यंत न्या. लांब, सडपातळ बोटांवर आडव्या पट्ट्या खुलतात. बोटांच्या मुळाशी जिथे घडी पडते तिथे बारीक काम नको. हात मिटला की तिथली मेंदी तडकते आणि रेघ तुटक उठते. अंगठ्याकडे वेगळं लक्ष द्या. फोटोत तो बहुतेक वेळा बाजूला असतो आणि त्याची नक्षी नीट दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तो घाईत उरकला जातो.

तोलाची खरी परीक्षा मात्र दोन्ही हात एकत्र आल्यावर होते. आपल्या लग्नात नवरीच्या हातांचे महत्त्वाचे क्षण ओंजळीचे असतात. लाजाहोमात भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, तेव्हा करंगळीकडच्या दोन कडा एकमेकींना लागतात. एका हातावरची वेल त्या कडेला मध्येच थांबली आणि दुसऱ्या हातावरची कडेपर्यंत गेली, तर ते लगेच नजरेत भरतं. म्हणून नक्षी निवडताना एकच हात बघू नका. दोन्ही तळव्यांचे कागद शेजारी ठेवून करंगळीच्या कडा जुळवा. दोन्ही हातांवर नक्षी तंतोतंत एक असायची गरज नाही, पण कडेवरची वजनं आणि उंची जुळायला हवी.

तिसरी गोष्ट मनगटाची, आणि मराठी नवरीसाठी ती सगळ्यात नाजूक. फोटोतल्या हातावर बांगड्या नसतात. आपल्या नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो, मागेपुढे पाटल्या असतात, आणि कंकणाचं हळकुंडही मनगटालाच बांधलेलं असतं. थोरल्या भाचीच्या हातात काचेच्या नऊ बांगड्या आणि दोन पाटल्या होत्या. मिळून साडेपाच ते सहा सेंटिमीटर रुंदी. मनगटाच्या वळीपासून कोपराकडे तेवढी जागा जवळजवळ पूर्ण झाकली गेली, आणि चेहरे नेमके तिथेच होते.

भरलेला चुडा काढून बघायचा नसतो. म्हणून नक्षी ठरवण्याच्या दिवशी घरातल्या तेवढ्याच रुंदीच्या बांगड्या घाला. लाड बाजारातून लाखेच्या बांगड्याही घ्यायच्या असतील तर त्यांची जाडी धरा. काचेपेक्षा त्या बऱ्याच जास्त जागा खातात. हात खाली सोडून बांगड्या कुठे थांबतात, हात पुढे करून कुठे थांबतात आणि वर उचलल्यावर किती सरकतात, तिथे पेनने खुणा करा. या खुणांमधल्या पट्ट्यात चेहरे, नावं, हत्ती, डोली असं काहीही काढू नये. तिथे फक्त वाहती वेल हवी, जी अर्धी झाकली तरी तुटल्यासारखी वाटणार नाही. मुख्य चित्र या पट्ट्याच्या वर घ्या, किंवा तळव्यावर.

प्रवाह तुटण्याची दुसरी जागा म्हणजे मनगटाची वळी. पुष्कळ नक्ष्यांत तिथे आडवा जाड पट्टा काढतात. बांगड्या नसताना तो कंकणासारखा छान दिसतो. वर चुडा आला की पट्टा आणि बांगड्या मिळून हात कापल्यासारखा दिसतो. तळवा एक चित्र आणि वरचा हात दुसरंच. त्यापेक्षा निदान एक देठ वळी ओलांडून तळव्यात उतरू द्या. मनगट हाताचा सगळ्यात अरुंद भाग आहे, तेव्हा वरून येणारी पानं-फुलं तिथे लहान होत जावीत आणि तळव्यावर पुन्हा मोठी. एकाच मापाची फुलं वरपासून खालपर्यंत आली तर मनगटाशी गर्दी होते. आणि हात फिरवून बघायला विसरू नका. तळवा वर असताना सरळ काढलेली वेल, तळवा खाली केला की तिरकी होते, कारण मनगटाशी कातडी पिळते. अंगठा आकाशाकडे करून हात धरला असता वेल नीट वाहताना दिसली, तर ती दोन्ही बाजूंनी चालेल.

धाकट्या भाचीच्या वेळी आम्ही हे सगळं आधी केलं. मेंदीवाली जुन्या शहरातली, वयाने मोठी. माझ्या ताईने हात पूर्ण भरायचा आग्रह धरला तेव्हा ती म्हणाली, "पूरा भर दिये तो नक्श दिखते नईं, अम्मा." तिने आधी नुसता खाका काढला: तळव्यावर एक मोठं कमळ, बोटांच्या टोप्या, मनगट ओलांडणारा देठ, आणि बांगड्यांच्या खुणेच्या वर मोर. भरणीचा एक ठिपकाही नाही. तिथे आम्ही तिला थांबवलं. भाचीने हात लांब धरला, फिरवला, ओंजळ केली. डाव्या हातावरचं कमळ अंगठ्याकडे सरकलेलं दिसलं. मेंदी ओली होती, तेवढी पाकळी लगेच पुसली आणि करंगळीकडे एक पान वाढवलं. पुसल्या जागी पुसट नारिंगी छटा राहिली. ती पुढच्या भरणीत मिसळून गेली. हीच पाकळी तासाभराने पुसली असती तर डाग गेला नसता.

म्हणून मेंदीवालीशी बोलतानाच ठरवून घ्या की खाका झाल्यावर ती थांबेल, आणि तेवढा वेळ तिच्या मोबदल्यात धरा. लग्नसराईत तिला एका दिवसात अनेक हात करायचे असतात, आधी न सांगता थांबवलं तर तिचीही अडचण होते. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढा, म्हणजे रंग पूर्ण चढतो आणि एक मोकळा दिवस हाती राहतो. त्या दिवशी हात पुन्हा बघा. बोटं हलकी वाटली तर टोप्या वाढवता येतात, मनगटाच्या वर नक्षी संपल्यासारखी वाटली तर वेल पुढे नेता येते. नवा भाग थोडा फिका राहील एवढंच. बुजलेल्या तळव्याला मात्र इलाज नाही. तेव्हा भरणी सुरू असताना आणखी एक ओळ घालावी की नाही असा प्रश्न तळव्यावर पडला, तर नको म्हणा. तोच प्रश्न बोटांच्या टोकांवर पडला, तर हो म्हणा.