उंचीची वार्षिक तपासणी : शालेय परिचारिकेचे पालकांस पत्र

शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांची उंची मोजली जाते. काही पाल्यांच्या घरी ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा शेरा लिहिलेली चिठ्ठी जाते. या शेऱ्याचा अर्थ नीट सांगितला नाही, तर काही घरांत विनाकारण धास्ती निर्माण होते आणि काही घरांत चिठ्ठी दप्तरातच राहते. म्हणून चिठ्ठीसोबत एक सविस्तर पत्र पाठविणे इष्ट असते. अशा पत्राचा एक नमुना येथे देत आहोत. शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी त्यामागील काही व्यावहारिक बाबी शेवटी दिल्या आहेत.

पत्र

पालकांस स. न. वि. वि.

आपल्या पाल्याची उंची या महिन्यात शाळेत मोजण्यात आली. सोबतच्या चिठ्ठीवर या वर्षीची उंची, मागील वर्षीची उंची आणि त्या दोहोंतील फरक असे तीन आकडे लिहिले आहेत. त्यांपैकी तिसऱ्या आकड्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम मापनाविषयी सांगते. मुलाला अनवाणी उभे करतात. टाचा, नितंब व पाठीचा वरचा भाग मागील फळीला टेकलेला असतो. दृष्टी समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतील, अशी ठेवतात. मुलींची वेणी किंवा अंबाडा डोक्यावर असल्यास तो सोडवतात. मग वरची सरकती पट्टी डोक्याला टेकवून आकडा वाचतात. हे माप दोनदा घेतले जाते. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजतात. माणसाची उंची सकाळी किंचित अधिक व सायंकाळी किंचित कमी भरते, म्हणून दरवर्षी सकाळच्या सत्रातच मोजणी करतो.

आता शेऱ्याविषयी. तो दोन कारणांनी दिला जातो. पहिले कारण असे की, वयाच्या मानाने मुलाची उंची आलेखावरील सर्वांत खालच्या रेषेखाली आहे. ही रेषा आजार व आरोग्य यांच्यामधील सीमा नव्हे. ती आखतानाच असे धरलेले असते की, शंभर निरोगी मुलांपैकी दोन-तीन मुले तिच्या खाली असणारच. म्हणून केवळ रेषेखाली असणे म्हणजे रोग नव्हे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल साधारणतः वर्षाला पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. वयात येण्याच्या थोडे आधी हा वेग किंचित मंदावतो व नंतर एकदम वाढतो. एखादे मूल वर्षभरात चार सेंटिमीटरहून कमी वाढले, तर ते आज कितीही उंच दिसत असले, तरी त्याला डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे.

हे स्पष्ट व्हावे म्हणून दहा वर्षे पूर्ण झालेल्या दोन मुलांचे उदाहरण घेऊ. या वयाच्या मुलग्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर मधली रेषा सुमारे १३८ सेंटिमीटरवर, तर खालची रेषा सुमारे १२५ सेंटिमीटरवर येते.

पहिल्या मुलाची उंची आठव्या वर्षी ११२.८, नवव्या वर्षी ११८ आणि दहाव्या वर्षी १२३.५ सेंटिमीटर भरली. तो तिन्ही वर्षे रेषेखाली आहे. पण त्याची वाढ एका वर्षी ५.२ व दुसऱ्या वर्षी ५.५ सेंटिमीटर, म्हणजे अगदी यथायोग्य झाली आहे. त्याच्या वडिलांची उंची १५८ व आईची १४७ सेंटिमीटर आहे. मुलग्याची प्रौढपणीची अपेक्षित उंची ढोबळमानाने काढण्यासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करतात, तीत १३ मिळवतात व येणाऱ्या संख्येला दोनाने भागतात. मुलीसाठी १३ मिळविण्याऐवजी वजा करतात. येथे उत्तर १५९ येते. प्रत्यक्ष उंची याच्या आठ सेंटिमीटर खालीवर असू शकते. हा मुलगा ठेंगणा आहे, कारण त्याचे घराणे ठेंगणे आहे. त्याला एकदा डॉक्टरांनी पाहिले व अन्य काही दोष आढळला नाही, तर दरवर्षी मोजत राहणे एवढेच पुरेसे आहे.

दुसरा मुलगा आठव्या वर्षी १२६.५, नवव्या वर्षी १२९.५ आणि दहाव्या वर्षी १३१.५ सेंटिमीटर भरला. तो रेषेच्या बराच वर आहे आणि वर्गात कोणी त्याला बुटका म्हणणार नाही. परंतु त्याची वाढ प्रथम तीन व नंतर केवळ दोन सेंटिमीटर झाली आहे. त्याच्या वडिलांची उंची १७० व आईची १५७ सेंटिमीटर, म्हणजे त्याची अपेक्षित उंची १७० आहे. खरी चिंता या मुलाची करावयाची. अशा मुलाला सुस्ती, मलावरोध, थंडी सहन न होणे, उंची न वाढता वजन वाढणे अशी लक्षणे असतील, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्याचा संशय येतो. साध्या रक्ततपासणीने ते कळते आणि रोज एक गोळी घेतल्याने वाढ पुन्हा सुरू होते.

वाढ मंदावण्याची इतरही कारणे आहेत. दीर्घकाळचा रक्तक्षय, गव्हातील घटक न पचणे, मूत्रपिंडाचा जुना विकार, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता ही त्यांतील काही होत. मुलींमध्ये टर्नर नावाची एक जन्मजात अवस्था असते. तीत बुद्धी बहुधा सामान्य असते आणि ठेंगणेपणा हेच कित्येकदा एकमेव दिसणारे चिन्ह असते. म्हणून कारण न सापडलेल्या ठेंगण्या मुलीची गुणसूत्रांची तपासणी डॉक्टर सुचवितात. मुलगी आहे, उंची कमी असली म्हणून काय बिघडले, असे म्हणून ही तपासणी टाळू नये.

आपल्याकडे अनेक मुलांची उंची आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांतील अपुरे पोषण व वारंवार होणारी आजारपणे यांमुळे मागे पडलेली असते. अशी मुले शाळेच्या वयात बहुधा योग्य वेगाने वाढतात, पण खालच्याच पातळीवरून. चांगल्या आहाराने त्यांचे वजन, रक्त व शक्ती सुधारते. मात्र गेलेली सर्व उंची भरून निघेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. उंची वाढविण्याची म्हणून विकली जाणारी पावडर वा औषधे यांवर पैसे खर्च करू नयेत. तोच पैसा डाळ, अंडी, दूध यांवर खर्च झाला, तर निदान मुलाच्या अंगी तरी लागेल.

चिठ्ठीवर शेरा असल्यास पुढे काय होईल? काही दिवसांत मी पाल्याची उंची पुन्हा मोजेन व जन्मदाखल्यावरून वय पडताळून पाहीन. माप व वय बरोबर असल्यास पाल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठविले जाईल. तेथे आईवडिलांची उंची विचारतील, मुलाला तपासतील आणि गरज वाटल्यास रक्ततपासणी व डाव्या मनगटाची क्ष-किरण छायाचित्रे सुचवितील. हाडांचे वय मुलाच्या वयापेक्षा मागे आहे काय, हे त्या छायाचित्रावरून समजते. वडील किंवा मामा उशिरा वाढले असतील, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे. अशा घराण्यांतील मुले उशिरा वयात येतात आणि नंतर उंची गाठतात.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नये. हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे थर वयात आल्यानंतर काही वर्षांत बंद होतात. ते बंद झाल्यावर कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. मुलीला पाळी सुरू झाल्यानंतर तिची उंची साधारणतः पाच ते सात सेंटिमीटरच वाढावयाची उरते. म्हणून पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणू नये.

आपल्या पाल्याचा आकडा वर्गात वाचून दाखविला जाणार नाही. काही विचारावयाचे असल्यास शाळेत मला अवश्य भेटावे. येताना जन्मदाखला आणावा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
शाळेची परिचारिका

शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी

या पत्राचा सर्व भर दोन मापांतील फरकावर आहे. म्हणून माप चुकले, तर पत्रही चुकते. एका वर्षी एक सेंटिमीटर अधिक व दुसऱ्या वर्षी एक सेंटिमीटर कमी मोजले गेले, तर पाच सेंटिमीटर वाढलेले मूल तीनच सेंटिमीटर वाढलेले दिसते. भिंतीवर रंगविलेल्या मोजपट्टीमुळे असे वारंवार घडते. फरशी नव्याने बसविली की तिचा शून्य फरशीच्या पातळीवर राहत नाही, आणि भिंतीच्या तळाशी पट्टी बसविलेली असल्यास टाचा भिंतीला टेकत नाहीत. तळफळी व सरकती पट्टी असलेला उंचीमापक शाळेत असावा. ज्ञात लांबीची सरळ काठी ठेवून तो दरवर्षी मोजणीपूर्वी तपासून घ्यावा.

दुसरी चूक कालावधीची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा येते, पण दोन भेटींत बरोबर बारा महिन्यांचेच अंतर असते असे नाही. अशा वेळी वाढीला महिन्यांनी भागून बाराने गुणावे. चौदा महिन्यांत ५.६ सेंटिमीटर वाढ झाली, तर वर्षाचा वेग ४.८ सेंटिमीटर होतो. सहा महिन्यांहून कमी अंतरावरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये.

तिसरी चूक वयाची. जन्मतारीख ठाऊक नसल्यास हजेरीपटावर १ जून लिहिण्याची प्रथा अनेक शाळांत होती. दाखल्याशी पडताळणी न करता असे वय धरले, तर निरोगी मूल रेषेखाली जाते किंवा ज्याला मदतीची गरज आहे, असे मूल रेषेवर दिसते. दाखला नसल्यास तो मिळवून देण्यास ग्रामपंचायतीने साहाय्य करावे. मुलाचे वय संशयास्पद असले, तरी त्याच्या वाढीचा वेग काढता येतो, हेही ध्यानात ठेवावे.

आलेख निवडताना एकच निवडून तोच दरवर्षी वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा आलेख आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा आलेख यांच्या खालच्या रेषा एकाच जागी नाहीत. एका वर्षी एक व दुसऱ्या वर्षी दुसरा वापरल्यास मूल न बदलता शेरा बदलतो.

शेवटी, चिठ्ठी घरी पोहोचली म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्यांच्या नावापुढे शेरा आहे, अशा विद्यार्थ्यांची स्वतंत्र यादी मुख्याध्यापकांकडे असावी. मूल वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेले काय आणि त्यांनी काय सांगितले, याची नोंद दोन महिन्यांत त्या यादीत व्हावी. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावयाचे असेल आणि पालकांना रोजंदारी बुडवून जाणे शक्य नसेल, तर पंचायत सदस्यांनी त्यांच्या जाण्यायेण्याची सोय लावून द्यावी. यादीतील रिकामा रकाना पुढच्या वर्षीच्या मोजणीपर्यंत तसाच राहिला, तर त्या मुलाच्या वाढीचे एक वर्ष वाया गेलेले असते, आणि ते परत मिळत नाही.